गुऱ्हाळावरचा लेख कानासाठी लिहिताना

आत्या भाकऱ्या थापत होती. तिच्या शेजारी ओट्यावर मी फोन ठेवला आणि गुऱ्हाळावरचा माझा लेख, मीच वाचून रेकॉर्ड केलेला, तिला ऐकवायला सुरुवात केली. करवीर तालुक्यातल्या गावात तिचं अर्धं आयुष्य गुऱ्हाळाच्या धुरात गेलंय. तिला यातलं काही नवं नव्हतं. तरीही दुसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, "कुठल्या फोटूत गं?" आणि थोड्या वेळानं, "वाफ्यात ओतलं काय? रस का पाक?"

लेखात चूक काहीच नव्हती. छापलेला वाचताना कुणाला अडला नसता. पण तो डोळ्यांसाठी लिहिला होता, आणि मी तो जसाच्या तसा कानात घातला होता. पुढचे दोन आठवडे मी तोच लेख ऐकण्यासाठी नव्याने बांधला. ते कसं केलं, ते इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच स्वतःचा लेख आवाजात आणणाऱ्याला अडचण बहुतेक याच जागी येते.

आधी मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल घेऊन

लेख छापून घ्या. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि सरळ मोठ्याने वाचा. काहीही बदलू नका. तीन ठिकाणी खूण करायची: जिथे वाक्य संपायच्या आत श्वास घ्यावा लागला तिथे, जिथे जीभ अडखळली तिथे, आणि जिथे ऐकणाऱ्याला काहीतरी पाहावं लागेल असं वाटलं तिथे. माझा लेख साधारण साडेसहाशे शब्दांचा होता आणि खुणा निघाल्या एकेचाळीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त खुणा श्वासाच्या होत्या.

त्यातलं सगळ्यात अवघड वाक्य हे:

"चरकातून काढण्यात आलेला व गाळून घेतलेला उसाचा रस लोखंडी काहिलीत ओतून, खालील छायाचित्रात दिसत असलेल्या चुलवाणावर वाळलेल्या चिपाडांच्या साहाय्याने उकळला जातो व त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून वर येणारी मळी (पाहा: छायाचित्र 3) काढून टाकल्यानंतर, छायाचित्र 4 मधील रंग येईपर्यंत तो आटवून सुमारे 118° से. तापमानास तयार झालेला पाक वाफ्यात ओतण्यात येतो."

पन्नासहून जास्त शब्द आहेत. डोळा अशा वाक्यात मागे जाऊ शकतो, स्वल्पविरामापाशी थांबू शकतो. कानाला तशी सोय नाही. त्यात मराठीचं क्रियापद शेवटी येतं. म्हणजे रसाचं नक्की काय झालं हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याला चरक, काहील, चुलवाण, चिपाडं हे सगळं मनात धरून बसावं लागतं. चार-पाच गोष्टी माणूस धरतो, त्यापुढे एकेक सुटायला लागते. लांब मराठी वाक्य ऐकताना थकवा येतो तो याच कारणाने.

"खालील छायाचित्रात" हे नुसतं खोडू नका

आता दिसण्यावर अवलंबून असलेल्या जागा घ्या. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं. मी पहिल्यांदा असे सगळे शब्द सपासप खोडले आणि लेखातली एक महत्त्वाची माहिती गमावली.

वरच्या वाक्यात फोटोचा उल्लेख तीनदा आहे, आणि तिन्ही वेळा त्याचं काम वेगळं आहे. "खालील छायाचित्रात दिसत असलेल्या चुलवाणावर" यातले पहिले चार शब्द गेले तरी अर्थ तसाच राहतो. मात्र चुलवाण म्हणजे काय हे शहरातल्या ऐकणाऱ्याला फोटोच सांगत होता. तेव्हा शब्द खोडायचे आणि एक छोटं वाक्य द्यायचं: "चुलवाण म्हणजे काहिलीखालची मोठी भट्टी." मळीपुढच्या कंसातला उल्लेख खोडला तर काहीच बिघडत नाही, तो सरळ जाऊ द्या. तिसरी जागा मात्र वेगळी. "छायाचित्र 4 मधील रंग येईपर्यंत" हे खोडलं, की रस किती आटवायचा याची खूणच नाहीशी होते. तो रंग लेखात कुठेही शब्दांत नव्हता, फक्त फोटोत होता. म्हणून मी फोटो समोर ठेवून बसले आणि लिहिलं: "रंग बदलत जातो. आधी मातकट हिरवट, मग पिवळसर, आणि शेवटी मधासारखा."

प्रत्येक खुणेपाशी हाच प्रश्न विचारायचा: हे शब्द काढले तर ऐकणाऱ्याच्या हातून काय गेलं? काही गेलं नाही, तर खोडा. काही गेलं, तर ते तोंडाने सांगा.

एक धोका आहे. लेख संगणकावर असेल तर "वर" आणि "खाली" हे शब्द शोधून एका दमात बदलण्याचा मोह होतो. तसं करू नका. "वर सांगितल्याप्रमाणे" मधला "वर" कागदावरचा आहे. ऐकणाऱ्याला वर-खाली नसतं, त्याला मघाशी आणि आता असतं. म्हणून तिथे "मघाशी सांगितलं तसं" हवं. पण "मळी वर येते" मधला "वर" खरा आहे, तो काहिलीतला आहे. "काहिलीच्या खाली जाळ" मधला "खाली"ही खराच. शोधायला यंत्र वापरा, बदल मात्र एकेक वाचूनच करा. "पुढीलप्रमाणे", "उपरोक्त", "सोबतच्या चौकटीत", "इथे टिचकी द्या", "ठळक अक्षरांत दिलेले" हेही शोधून घ्या.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. उपशीर्षक, अवतरणचिन्ह आणि कंस हीसुद्धा चित्रंच आहेत. माझ्या लेखात "गुळव्या" हा शब्द अवतरणात होता. त्या दोन चिन्हांवरून डोळ्याला कळतं, की हा धंद्यातला खास शब्द आहे. कानाला काहीच कळत नाही. तिथे लिहावं लागलं, "पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा जो जाणकार असतो, त्याला गुळव्या म्हणतात." उपशीर्षक होतं "पाकाची परीक्षा". ते तसंच वाचलं, तर मध्येच कुणीतरी पाटी दाखवल्यासारखं वाटतं. त्याऐवजी मी म्हटलं, "आता पाक झाला, हे ओळखायचं कसं?"

वाक्य कुठे तोडायचं

स्वल्पविराम दिसेल तिथे तोडायचं, असं पुष्कळ जण करतात. त्याने अर्धी वाक्यं लटकत राहतात. मी वापरते ती रीत अशी: वाक्यातली सगळी कामं मोजा. मराठीत कामं लपून बसतात. "काढण्यात आलेला", "गाळून घेतलेला", "ओतून", "घालून", "टाकल्यानंतर", "आटवून" ही सगळी पोटात क्रियापद दडवलेली रूपं. वरच्या वाक्यात अशी दहा कामं निघाली: काढणं, गाळणं, ओतणं, उकळणं, घालणं, वर येणं, काढून टाकणं, आटवणं, तयार होणं आणि पुन्हा ओतणं. एका वाक्याला एक काम द्या. अगदी चिकटून येणारी असतील तर दोन. मग क्रियापद आपोआप लवकर येतं आणि ऐकणाऱ्याच्या हातातलं ओझं उतरतं.

माप म्हणाल तर माझा एक आरामाचा श्वास बारा ते पंधरा शब्दांना पुरतो. तुमचा मोजून पाहा. वाक्य त्याच्या आत राहिलं पाहिजे.

तोडल्यावर लगेच नवी अडचण उभी राहते, आणि आत्याचा दुसरा प्रश्न तिथलाच. तुकडे झाले की आपण "तो", "त्याला", "त्यात" असं लिहायला लागतो. गुऱ्हाळात ऊस तो, चरक तो, रस तो, पाक तो आणि गूळही तोच. "तो वाफ्यात ओततात" म्हटलं की कोण ओतला गेला ते ऐकणाऱ्याने कसं ठरवायचं? छापील लेखात एकच शब्द दर ओळीला आला तर खटकतो, म्हणून आपल्याला टाळायची सवय असते. ऐकताना तो खटकत नाही, उलट आधार देतो. म्हणून शंकेची जागा आली की नाव पुन्हा घ्या. रस म्हणा, पाक म्हणा.

कर्ता नसलेली वाक्यंही इथेच बदलून घ्या. "ओतण्यात येतो", "उकळला जातो" ही कचेरीतल्या कागदाची भाषा. माणूस बोलताना "ओततात", "उकळतात" म्हणतो. "चिपाडांच्या साहाय्याने" म्हणायला कुणी जात नाही, "चिपाडं जाळतात" म्हणतो.

आता ते वाक्य कसं झालं ते पाहा:

"ऊस चरकात घालतात. रस निघतो. तो गाळून मोठ्या काहिलीत ओततात. काहील म्हणजे लोखंडाची पसरट कढई, चार माणसं कडेनं उभी राहतील एवढी. काहिलीखाली असतं चुलवाण, म्हणजे मोठी भट्टी. आणि त्यात जळण कसलं? त्याच उसाची वाळलेली चिपाडं. रस तापायला लागला की त्यात भेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. मग रसातली घाण गोळा होऊन वर येते. तिला मळी म्हणतात. मळी काढत राहायचं आणि रस आटवत राहायचं. रंग बदलत जातो. आधी मातकट हिरवट, मग पिवळसर, आणि शेवटी मधासारखा. आता तो रस राहिला नाही, त्याचा पाक झाला. हा पाक वाफ्यात ओततात. वाफा म्हणजे पाक निवत ठेवायची उथळ जागा."

शब्द कमी झाले नाहीत, उलट बरेच वाढले. वाक्यं मात्र एकाची पंधराहून जास्त झाली. दुसऱ्या वाक्यानंतर "तो" आलाय, पण तिथे गाळण्यासारखं रस सोडून दुसरं काही नाही, म्हणून चालतो.

118 अंश कुठे गेले, असं कुणी विचारेल. मी तो आकडा या जागेवरून काढून गुळव्याच्या परीक्षेपाशी नेला. गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि गोळी धरते का ते बघतो. ते सांगून झाल्यावर म्हटलं, "थर्मामीटर लावला तर हा पाक एकशे अठरा अंशांच्या आसपास भरतो." चित्र डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर आलेला आकडा लक्षात राहतो. रसातच टाकला असता, तर विरघळून गेला असता.

तुकडे जास्त झाले तर

पहिल्या खेपेला मी फार तोडलं होतं. "ऊस येतो. चरक फिरतो. रस निघतो. रस गाळतात. काहील भरतात. जाळ घालतात." ऐकलं, तर शाळेतला मुलगा धडा म्हणून दाखवतोय असं वाटलं. सगळी वाक्यं एकाच मापाची झाली, की कान त्यांच्याकडे लक्ष देणं सोडतो. ओळखायची खूण सोपी आहे: वाचताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज त्याच ठिकाणी खाली पडायला लागला, की समजायचं जास्त तोडलंय.

उपाय म्हणजे बोलण्यातले जोड शब्द परत आणणं. मग, पण, म्हणून, आता, की, तोवर. दोन-तीन आखूड वाक्यांमागे एक जरा लांब वाक्य येऊ द्या. मध्ये एखादा प्रश्न येऊ द्या, "जळण कसलं?" सारखा, पण एका लेखात दोन-तीनच. प्रश्नांची रांग लावली की ऐकणाऱ्याला आपली परीक्षा घेतल्यासारखी वाटते. फक्त "व" हा जोड शब्द आवाजात वापरू नका. तो इतका लहान आहे, की आधीच्या शब्दाला चिकटतो आणि ऐकूच येत नाही. "आणि" म्हणा.

लिहिलेलं रूप आणि बोललेलं रूप

मराठीपुरती ही पायरी मी सर्वांत मोलाची मानते. आपण लिहितो "असे झाले, पाणी घातले, गुऱ्हाळे पेटली". बोलतो "असं झालं, पाणी घातलं, गुऱ्हाळं पेटली". लेख वाचून दाखवताना समोर "झाले" लिहिलेलं असेल तर तोंडातून "झाले" येतं, आणि पुढचं सगळं वाचनही त्याच ताठ चालीवर जातं. त्यामुळे वाचताना बदलू असं म्हणू नका. संहितेतच "असं", "झालं", "करणं" लिहून ठेवा. मी हे एवढं एकच केलेली प्रत आत्याला ऐकवली, तेव्हा ती म्हणाली, "आता तू बोलतीयास."

मात्र "गुऱ्हाळे"चं "गुऱ्हाळं" करताना "वेगळे लोक", "मोठे रवे" यांना हात लावायचा नाही. ती पुल्लिंगी अनेकवचनं आहेत, बोलतानाही "मोठे"च राहतात. रवा म्हणजे इथे गुळाची ढेप. आणि कोल्हापुरी ढंग किती आणायचा? माझं मत असं, की जो ढंग रोज तुमच्या तोंडात आहे तेवढाच. रवा, गुळव्या, चुलवाण, जळण हे शब्द ठेवा, ते या कामाचे आहेत. ऐकणाऱ्याला मजा यावी म्हणून ओढूनताणून रांगडेपणा आणला, तर तो लगेच कळतो.

आकडे आणि तक्ते

माझ्या लेखात रव्यांच्या वजनांचा तक्ता होता: 30 किलो, 10, 5, 1 आणि अर्धा किलो, पुढे प्रत्येकाचा वापर. तक्ता वाचून दाखवणं म्हणजे ऐकणाऱ्याला यादी पाठ करायला लावणं. तक्ता काय म्हणतोय ते एका दमात सांगा: "बाजारात मोठा रवा तीस किलोचा. पण आता घरी न्यायला एक किलोचा, अर्ध्या किलोचासुद्धा मिळतो." मधले दोन आकडे गेले, आणि जाऊ दिले. एका परिच्छेदात दोन-तीनपेक्षा जास्त आकडे मी ठेवत नाही.

जे राहतील ते संहितेत अक्षरांत लिहा. "शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली" हे कागदावर ठीक आहे. माईकसमोर मात्र आकडा बघून "अठराशे पंच्याण्णव" जुळवायला क्षणभर लागतो आणि तो क्षण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी अशा आकड्यांवर तर जीभ हमखास घसरते. "कि.मी.", "से.", "इ.स." ही संक्षिप्त रूपंही पूर्ण लिहून काढा.

वाचायची प्रत आणि शेवटचं ऐकणं

संहिता मोठ्या अक्षरांत छापा, एका ओळीवर एक वाक्य. पान उलटताना वाक्य तुटणार नाही असं बघा. थोडं थांबायचं तिथे एक तिरकी रेघ, विषय बदलतो तिथे दोन. "चार" आणि "चमचा" यांतल्या "च"सारखे दोन उच्चार असलेली अक्षरं ओळखीच्या शब्दांत त्रास देत नाहीत, पण माणसांच्या किंवा गावांच्या अनोळखी नावांत देतात. ती नावं आधी कुणाला तरी विचारून घ्या आणि वर खूण करून ठेवा.

मी मिनिटाला एकशे दहा ते एकशे वीस शब्द वाचते. नवी संहिता साधारण सहाशे शब्दांची झाली, कारण तक्ते आणि उल्लेख गेले, वर्णनं आली. रेकॉर्डिंग सव्वापाच मिनिटांचं झालं. तुमचा वेग एका पानावर मोजून घ्या. सहा मिनिटांचं काम दहा मिनिटांवर चाललंय असं दिसलं, तर वाचायचा वेग वाढवू नका, मजकूर कमी करा.

रेकॉर्डिंग झाल्यावर एक रात्र जाऊ द्या. मग संहिता समोर न घेता, हाताला दुसरं काम लावून ऐका. भांडी घासा, भाजी निवडा. कागद समोर असला की डोळा कानाच्या चुका भरून काढतो आणि आपल्याला त्या कळत नाहीत. जिथे हात थांबला आणि "काय म्हटलं?" असं मनात आलं, ती जागा दुरुस्तीची.

माझ्या दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये अशा दोन जागा निघाल्या. एक भेंडीची: भेंडी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ताटातली भाजी येते, आणि "भेंडीचा रस" ऐकून तो तिथेच अडकतो. "खोड" हा शब्द वाक्यात असूनही पळून जात होता. मी तिथे आणखी एक वाक्य घातलं, "भाजीची शेंग नव्हे, झाडाचं खोड ठेचतात." दुसरी जागा वाफ्याची. शहरातल्या माझ्या मैत्रिणीला वाफा म्हणजे वाफ वाटली. गरम पाक आणि वाफ, चूक साहजिक होती. "वाफा म्हणजे पाक निवत ठेवायची उथळ जागा" हे वाक्य पाक ओतून झाल्यावर येत होतं. ते मी आधी नेलं, आणि तेवढा तुकडा पुन्हा वाचून मध्ये जोडला.